पीडीएचे औषध आणि लंगोटाचे वजन

बेळगावच्या नवजात अतिदक्षता कक्षात रुजू होणाऱ्या निवासी डॉक्टरांना पीडीएचा, म्हणजे जन्मानंतरही उघडी राहिलेल्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीचा, उपचार शिकवताना मी सुरुवात लंगोटाच्या वजनापासून करते, कारण ती बंद करण्यासाठी दिलेल्या आयबुप्रोफेनचा मूत्रपिंडावर होणारा परिणाम सर्वांत आधी लघवीतच दिसतो.

खानापूर तालुक्यातून आलेले २७ आठवड्यांचे, ९०० ग्रॅम वजनाचे एक बाळ उदाहरणादाखल घेऊ. चौथ्या दिवशीही त्याचा व्हेंटिलेटर सुटत नव्हता आणि एकोमध्ये ती रक्तवाहिनी, म्हणजे डक्टस, २ मिलिमीटर रुंद दिसत होती. उघडी दिसलेली प्रत्येक डक्टस औषधाने बंद करायची नसते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या बेबी-ऑस्कर चाचणीत लवकर दिलेल्या आयबुप्रोफेनमुळे मृत्यू किंवा फुफ्फुसाचा दीर्घ आजार कमी झाला नव्हता. या बाळाच्या फुफ्फुसांवर मात्र भार स्पष्ट होता, प्लेटलेट पुरेसे होते, रक्तस्राव नव्हता आणि क्रिएटिनिन १.० होते, म्हणून उपचार ठरला.

आयबुप्रोफेन पहिल्या दिवशी किलोमागे १० मिलिग्रॅम आणि पुढे २४ तासांच्या अंतराने दोनदा ५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे या बाळाला ९, ४.५ आणि ४.५ मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते पहिल्या वेळी अवघे ०.४५ मिलिलिटर होते. बाटलीवरचे लेबल स्वतः वाचावे, कारण आपल्याकडे आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेले सिरपही सर्रास मिळते.

डक्टसप्रमाणेच मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी सूक्ष्म धमनीही प्रोस्टाग्लँडिनमुळे मोकळी राहते आणि आयबुप्रोफेन नेमके तेच कमी करते. पहिल्या मात्रेनंतरच्या ८ तासांत या बाळाच्या लंगोटांचे वजन केवळ ४ ग्रॅमने वाढले, म्हणजे किलोमागे ताशी सुमारे ०.५५ मिलिलिटर लघवी. ०.६ च्या खाली गेल्यावर पुढची मात्रा थांबवायची असते, तशी आम्ही ती थांबवली. वॉर्मरखाली ओला लंगोट वाळून वजन फसवे येते, म्हणून बदलल्याबरोबर तो तोलावा. क्रिएटिनिनची वाट पाहण्यात अर्थ नसतो. पहिल्या दिवसांत त्यात आईचा वाटा असतो आणि वाढही उशिरा दिसते. लघवी कमी झाली की अमिकासिनच्या मात्रांमधील अंतरही त्याच वेळी तपासावे, कारण तेही मूत्रपिंडातूनच बाहेर पडते.

लघवी सुधारल्यावर पुन्हा एको केला. डक्टस उघडीच होती, तेव्हा पॅरासिटामॉल निवडले. बाळाच्या आजीने विचारले, “डॉक्टरबाई, तापाचं औषध काळजाला कसं काय?” तेही प्रोस्टाग्लँडिन कमी करते, पण वेगळ्या जागी, आणि मूत्रपिंडाला त्याचा त्रास कमी होतो, असे मी त्यांना सांगितले. किलोमागे १५ मिलिग्रॅम दर ६ तासांनी, ३ दिवस, म्हणजे प्रत्येक वेळी १३.५ मिलिग्रॅम. शिरेतून द्यायच्या द्रावणाचे ते १.३५ मिलिलिटर भरते; मिलिग्रॅमचा आकडा मिलिलिटर म्हणून लिहिला गेला तर मात्रा दहापट होते, म्हणून दोन्ही एकके लिहून दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावीत. पॅरासिटामॉलसोबत यकृताचे एन्झाइम पाहावे लागतात. मुदतपूर्व बाळाच्या शरीरातून आयबुप्रोफेन फार सावकाश निघते, त्यामुळे औषध बदलले तरी लघवीचा हिशेब आणि क्रिएटिनिनची तपासणी चालूच ठेवावी.