कुत्रा एकाच पायाची एकच जागा चाटत असेल तर

कुत्रा पुढच्या पायाचा मनगटाजवळचा एकच भाग चाटून तिथले केस घालवतो आणि तिथे जाड, ओलसर, लाल चट्टा उठतो, तेव्हा मलम लावण्याआधी तो का चाटतो हे शोधावे. कारण मूळ दुखणे तसेच राहिले, तर बरी झालेली जखम पुन्हा उघडते.

कोपरखैरणे येथील आमच्या शेजाऱ्यांचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर दिवसभर घरात एकटा असे, म्हणून सर्वांनी कंटाळा हेच कारण धरले होते. मात्र दोन-तीन दिवस मोबाइलवर चित्रीकरण केल्यावर दिसले, की घरात माणसे असतानाही तो चाटतो, आणि तेही मुख्यतः जिना चढून आल्यावर. पशुवैद्यांनी सांधा वाकवताच त्याने पाय ओढून घेतला आणि एक्स-रेमध्ये संधिवात दिसला. चारही पंजे, कान व पोट खाजत असते, तर संशय आधी ॲलर्जीवर गेला असता.

त्याला सांधेदुखीचे औषध आणि खोलवर गेलेल्या जंतुसंसर्गासाठी प्रतिजैविक देण्यात आले. असे उपचार बहुधा काही आठवडे चालतात, आणि वरची त्वचा सुकलेली पाहून औषध मध्येच थांबवणे ही फार महागात पडणारी चूक आहे. तोवर जखमेपर्यंत तोंड पोहोचू न देणारा शंकूसारखा कोन गळ्यात हवाच. नुसते बँडेज बांधल्यास कुत्रा अनेकदा त्याच्या वरचा भाग चाटू लागतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन, त्याला मुळीच देऊ नयेत. उपचारांनंतरही चट्टा बसला नाही, तर ती गाठ कर्करोगाची नाही ना, हे पाहण्यासाठी त्वचेचा तुकडा तपासून घ्यावा.