फोटोतल्या तक्त्यावरून SUM, AVERAGE आणि IF ची उत्तरं कशी काढावीत

स्प्रेडशीटच्या स्वाध्यायात तक्त्याचा फोटो देतात आणि विचारतात, या सूत्राचं उत्तर काय येईल? बेरीज सगळ्यांना येते. गुण जातात ते रिकाम्या चौकटीपाशी आणि आकड्यांमध्ये बसलेल्या अक्षरांपाशी.

समजा, फोटोत हे दिसतंय:

```
     A        B
1   नाव      गुण
2   सीमा     42
3   अजय      35
4   रोहन     AB
5   मीना
6   गौरी     28
```

आधी वरची अक्षरं आणि डावीकडचे क्रमांक पाहा. 1 ही ओळ शीर्षकाची आहे, त्यामुळे पहिला आकडा B1 मध्ये नाही, B2 मध्ये आहे. फोटोत ही पट्टी कापली गेली असेल तर ती कागदावर स्वतः लिहून घ्या.

आता `=SUM(B2:B6)`. विसर्गासारखं चिन्ह म्हणजे B2 पासून B6 पर्यंत सगळं. गैरहजेरीचं AB आणि रिकामी B5 दोन्ही सोडून दिली जातात, उत्तर 105. तिथेच स्वल्पविराम असता, म्हणजे `=SUM(B2,B6)`, तर फक्त दोन टोकं मिळून 70. धूसर फोटोत ही दोन चिन्हं सारखीच दिसतात, झूम करून बघा.

`=AVERAGE(B2:B6)` ला बरेच जण 105 ला पाचाने भागून 21 लिहितात. भागायचं असतं ते आकडे असलेल्या चौकटींच्या संख्येने, म्हणजे तीनाने. उत्तर 35. B5 मध्ये शून्य लिहिलेलं असतं तर तो आकडा धरला गेला असता आणि सरासरी 26.25 आली असती. रिकामी चौकट आणि शून्य यांत एवढा फरक पडतो.

IF मध्ये अट, मग खरी ठरल्यास काय, मग खोटी ठरल्यास काय, असा क्रम असतो. अटीच्या जागी प्रत्यक्ष आकडा ठेवून वाचा:

```
=IF(B3>35,"पास","नापास")
```

35 हे 35 पेक्षा मोठे नाहीत, म्हणून अजय नापास. `>=` असतं तर पास झाला असता. मीनाची रिकामी चौकट तुलनेत शून्य धरली जाते, तीही नापास.

खरी गंमत रोहनची. `=IF(B4>=35,"पास","नापास")` चं उत्तर येतं पास! एक्सेल तुलनेत कोणत्याही अक्षरांना कोणत्याही आकड्यापेक्षा मोठं मानतं. पेपरला न बसलेला पोरगा पास होतो तो असा, आणि प्रश्न सूत्राच्या उत्तराचा असेल तर हेच लिहायचं.

एक गोष्ट मात्र फोटोवरून कळत नाही. चौकटीत 34.6 असून दशांश लपवले असतील तर दिसतं 35, पण IF मोजतं 34.6. स्वाध्यायात तसं सांगितलं नसेल तर दिसतो तोच आकडा धरा.