बायसेप्स-ट्रायसेप्स सुपरसेट : या चुका टाळा

बायसेप्सचा कर्ल संपला की धावत केबलकडे, ट्रायसेप्सचा पुशडाऊन संपला की धावत परत. संध्याकाळी सातच्या गर्दीत सोलापूरच्या कुठल्याही जिममध्ये हेच दिसतं, आणि तिसऱ्या फेरीत दहाच्या जागी सहाच रेप्स होतात. मग दोष सुपरसेटला, म्हणजे दोन व्यायाम असे आलटून-पालटून करण्याच्या पद्धतीला दिला जातो. खरं तर चुकलेला असतो विश्रांतीचा हिशेब.

समजा, एक सेट ४० सेकंदांचा. कर्लनंतर ३० सेकंद थांबा, मग पुशडाऊन करा, मग ६० सेकंद थांबा. बायसेप्सला मिळाले ३० + ४० + ६०, म्हणजे १३० सेकंद. ट्रायसेप्सलाही तेवढेच. अशा चार फेऱ्या साधारण साडेअकरा मिनिटांत उरकतात. तेच आठ सेट सुटे, प्रत्येकानंतर दोन मिनिटं थांबून केले तर वीस-एकवीस मिनिटं लागतात. धावपळ करणारा मधले थांबे १० आणि २० सेकंदांवर आणतो. बायसेप्सची विश्रांती मग ७० सेकंदांवर येते, आणि रेप्स तिथेच गळतात.

दुसरी चूक अपेक्षेची. बायसेप्स दमला की ट्रायसेप्सची ताकद वाढते, असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. काही प्रयोगांत विरुद्ध स्नायूच्या कामानंतर जोर थोडा वाढलेला दिसला, काहींत अजिबात नाही. तेव्हा वजन वाढवण्याच्या आशेने ही जोडी लावू नका. ताकद साधारण टिकते आणि वेळ वाचतो, एवढाच सौदा आहे. दुसऱ्या दिवशीचं दुखणंही त्यामुळे कमी होत नाही; काम तेवढंच झालेलं असतं, फक्त कमी वेळात.

रेप्स कमी झाल्या तर आधी काय थांबलं ते बघा. कोपर अर्ध्यात अडकतं पण श्वास ठीक आहे, तर स्नायूच दमलाय. शेवटचा थांबा ६० वरून ९० सेकंद करा. कोपरात जोर आहे पण धाप लागलीय, तर दोन्ही थांबे वाढवा. आणि बोटं आधी सुटत असतील, तर बायसेप्सला बोल लावू नका. कर्ल आणि पुशडाऊन दोन्हींत मूठ आवळलेलीच असते, त्यामुळे पकडीला विश्रांती मिळतच नाही. पुशडाऊनऐवजी बाकावर हात टेकून डिप्स घाला. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या जिममध्ये घामाने रॉडच निसटतो. त्यावर उपाय म्हणजे आपला सोलापुरी टॉवेल, दर सेटआधी तळवे कोरडे.

बेंच प्रेसला पुशडाऊन जोडून त्यालाही हाच सुपरसेट म्हणणारे आहेत. प्रेसमध्ये ट्रायसेप्स आधीच राबलेला असतो, त्यामुळे वरचा १३० सेकंदांचा हिशेब तिथे लागूच होत नाही. प्रेसला जोडायचं तर उलट दिशेने ओढायचं रोइंग जोडा.