आठ मिनिटांत डाय चेंजचं काम मांडायचं, त्याची तयारी

इंटर्नशिपच्या शेवटी टीमसमोर करायच्या आठ मिनिटांच्या सादरीकरणाची तारीख कळली की गाइडना पहिला प्रश्न हा विचारून घ्या: आठ मिनिटांत प्रश्नोत्तरं धरलीत की ती वेगळी? धरली असतील तर बोलायला जेमतेम साडेपाच-सहा मिनिटं उरतात. वेगळी असतील तरी सात मिनिटांचंच बांधा, कारण लॅपटॉप जोडणं, मध्येच कुणी आत येणं, एखादी शंका यांत एक मिनिट जातंच. सगळ्यांना कळेल अशा सावकाश बोलण्यात मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे अख्ख्या इंटर्नशिपचं काम सातशे-आठशे शब्दांत बसवायचं आहे. त्याच वेळी समोर कोण बसणार तेही विचारा. प्लांट हेड बाहेरच्या राज्यातले आणि प्रेसवर डाय बसवणारे सेटर पैठण-गंगापूरकडचे असतील, तर भाषा कोणती ठेवायची हे आधी ठरलेलं बरं.

पुढचं सगळं एका उदाहरणावर सांगतो. समजा वाळूज एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये तुम्ही इंटर्न आहात आणि एका पॉवर प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला लागणारा वेळ कमी करणं हे तुमचं काम होतं.

सगळ्यात आधी एक वाक्य लिहा: कोणत्या प्रेसवर, काय केलं आणि वेळ कितीवरून कितीवर आला. हे वाक्य जमत नाही तोवर स्लाइड उघडू नका. कंपनीची ओळख, प्रॉडक्टची यादी, संस्थेची परंपरा हे सगळं काढून टाका. टीमला स्वतःची कंपनी माहीत आहे. डाय झटपट बदलायच्या सिंगल मिनिट पद्धतीचा आणि ती मांडणाऱ्या शिगेओ शिंगो यांचा इतिहासही नको. त्या पद्धतीत डाय बदल दहा मिनिटांच्या आत बसणं अपेक्षित असतं. तुमचा वेळ चाळीसच्या घरात असेल तर ते नाव मिरवू नका, त्या वाटेवरचं पहिलं पाऊल म्हणा.

आता आकडे. तयारीचा निम्मा वेळ इथे द्या, कारण सादरीकरण टिकतं किंवा पडतं ते इथेच. आधी घड्याळ कुठे सुरू केलं आणि कुठे थांबवलं ते लिहून काढा. डाय चेंजचा वेळ म्हणजे जुन्या पार्टचा शेवटचा चांगला पीस निघाल्यापासून नव्या पार्टचा पहिला चांगला पीस क्वालिटीने पास करेपर्यंतचा. सुधारणेआधीची मोजणी पीस पास होईपर्यंत आणि नंतरची फक्त क्लॅम्प आवळेपर्यंत असेल, तर तुलना खोटी ठरते. आणि हे सेटरच्या लगेच लक्षात येतं, तो रोज तिथेच उभा असतो.

समजा आधीच्या पाच नोंदी 62, 71, 58, 95 आणि 64 मिनिटं अशा आहेत आणि नंतरच्या चार 41, 44, 39 आणि 48. सरासरी काढली तर 70 वरून 43, म्हणजे 27 मिनिटं वाचली. पण त्या 95 मिनिटांच्या दिवशी फोर्कलिफ्ट दुसऱ्या लाइनवर अडकली होती. ती नोंद बाजूला ठेवली तर आधीची सरासरी 64 च्या आसपास येते आणि बचत 21 मिनिटांवर उतरते. स्लाइडवर नऊच्या नऊ नोंदी ठिपक्यांनी दाखवा, 95 च्या ठिपक्याशेजारी कारण लिहा आणि तोंडाने "वीसेक मिनिटं वाचली" असं सांगा. नऊ नोंदींवर दशांश चिन्हातले टक्के शोभत नाहीत. नोंदी कोणत्या शिफ्टच्या, कोणत्या डायच्या हेही त्याच स्लाइडवर लिहा. "हे सगळं पहिल्या शिफ्टचं दिसतंय, रात्रीचं काय?" हा प्रश्न येणारच. रात्रीची मोजणी केलेली नसेल तर तसं स्वतःच आधी सांगून टाका.

वाचलेल्या मिनिटांना थेट रुपयांनी गुणण्याचा मोह आवरा. त्या प्रेसमुळे पुढची लाइन थांबत असेल तरच वाचलेला वेळ जादा उत्पादन देतो. प्रेस तसाही रिकामा राहत असेल तर फायदा वेगळा: बॅच लहान करता येते आणि रॅकवर पडून राहणारा माल कमी होतो. तुमचा प्रेस यांपैकी कोणता, हे प्रॉडक्शन प्लॅनिंगच्या माणसाला आधीच विचारून ठेवा.

स्लाइड पाच पुरतात. पहिलीवर ते एक वाक्य. दुसरीवर आधी वेळ कुठे जात होता: डाय शोधणं, टी-बोल्ट आणि पाने गोळा करणं, शट हाइट, म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची, जुळवणं. तिसरीवर काय बदललं, आणि इथे दोन मिनिटं खुशाल द्या. प्रेस चालू असतानाच पुढची डाय शेजारी आणून ठेवली, बोल्ट-क्लॅम्प एका ट्रॉलीवर मांडले, पॅकिंग लावून डायची उंची सारखी केली म्हणून दर वेळी शट हाइट जुळवावी लागत नाही. चौथीवर नोंदी. पाचवीवर काय उरलं आणि पुढे कोण बघणार.

फोटो निवडताना मोठा करून कोपरे तपासा. सेटिंग चालू आहे आणि प्रेसमध्ये सेफ्टी ब्लॉक नाही, किंवा कुणाच्या पायात सेफ्टी शूज नाहीत, असा फोटो लागला की पुढची तीन मिनिटं त्यावरच जातात, आणि तो फोटो ज्याचा आहे त्याला बोलणी बसतात ते वेगळंच. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग झाका. फोटो वापरायची परवानगी गाइडकडून घ्या.

ट्रॉलीची कल्पना सेटरची असेल तर त्यांचं नाव घ्या, पण आदल्या दिवशी भेटून विचारा: "मामा, तुमचं नाव घेऊ का उद्या?" त्यांनाच स्लाइड दाखवा. सरांच्या नजरेतून सुटलेली चूक ते दाखवून देतील, आणि सगळ्यांसमोर दाखवण्यापेक्षा आदल्या दिवशीच दाखवलेली बरी.

सराव उभ्याने, मोठ्याने, मोबाइलवर घड्याळ लावून करा. मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमी कमी भरतो. तिसरी स्लाइड चौथ्या मिनिटाच्या आत संपली पाहिजे. ती लांबली तर दुसरीतलं कापा, नोंदींना हात लावू नका.

बहुतेक कंपन्यांत पेन ड्राइव्ह चालत नाही, म्हणून फाइल आदल्या दिवशी गाइडना मेल करा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरं होऊन दिसतो. सोबत पीडीएफ ठेवा. मीटिंग रूममध्ये जाऊन शेवटच्या खुर्चीवरून ठिपक्यांशेजारचे आकडे वाचता येतात का बघा. वायर तुमच्या लॅपटॉपला बसते का तेही तिथेच कळेल.

पाचव्या स्लाइडवर "पुढील वाव" असं मोघम लिहू नका. ट्रॉलीवरची यादी कोण भरणार, पॅकिंग हरवलं तर स्टोअरमधून कोणत्या मापाचं मागायचं, उरलेल्या कोणत्या डायची उंची अजून सारखी करायची आहे, हे लिहा. जबाबदारी ज्याच्यावर लिहिताय त्या सुपरवायझरची संमती आधी घ्या. वेळ मोजलेली मूळ एक्सेल फाइल आणि ट्रॉलीचं स्केच शेअर्ड फोल्डरमध्ये टाका आणि त्या फोल्डरचं नाव याच स्लाइडवर ठेवा. प्रश्न चालू असताना पडद्यावर हीच स्लाइड राहू द्या.