वाटणीवरून तुटलेल्या भावासाठी प्रार्थना कशी लिहावी

आमच्या भजनी मंडळातल्या आणि ओळखीतल्या बायका माझ्याकडे प्रार्थना लिहून घ्यायला येतात. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाच्या मुलाची परीक्षा असते. त्या प्रार्थना बसल्या जागी लिहून होतात. जमिनीच्या वाटणीवरून भाऊ बोलायचा बंद झालेली बहीण आली, की मात्र वेळ लागतो. तिला येण्याआधीच सगळ्यांनी एक सल्ला दिलेला असतो: जमिनीचा विषय मनातून काढून टाक, सगळं देवावर सोड आणि भावाला माफ कर. हा सल्ला ऐकून मला राग येतो. वर्षानुवर्षं घरात ज्यावरून अबोला आहे तो विषय मनातून निघत नाही. तो नसल्यासारखी लिहिलेली प्रार्थना दोन दिवस म्हणवते, तिसऱ्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नाहीत. म्हणून जमीन प्रार्थनेत यायलाच हवी. ती कशी आणायची, तेवढंच शिकण्यासारखं आहे.

पहिलं काम देव ठरवण्याचं. लग्नानंतर आपण सासरच्या कुलदैवताला हात जोडायला लागतो, पण ही प्रार्थना माहेरच्या कुलदैवताला करावी. तुम्ही आणि भाऊ लहानपणी ज्याच्यापुढे एकत्र उभे राहिलात, तो हा देव. चंपाषष्ठीला तळी उचलताना भंडाऱ्याने माखलेले तुमचे दोघांचेही हात त्याने पाहिलेत.

दुसरं, भावाला कागदावर त्याच नावाने हाक मारा, ज्या नावाने घरात मारत होता. दादा, अण्णा, बाळ्या, जे असेल ते. सातबाऱ्यावरचं पूर्ण नाव लिहू नका.

तिसरं, एक आठवण. एकच, आणि वाद सुरू होण्याआधीची. तिच्यात त्याचे उपकार किंवा तुमचा त्याग नसला तर उत्तम.

आता अवघड जागा: वादाचा परिच्छेद. मी स्वतः इथे फार अडत असे. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं की एक तर ती वकिलाची नोटीस वाटायची, नाही तर रडगाणं. पुढे एक कसोटी हाती लागली आणि काम सोपं झालं. हा परिच्छेद भावाने स्वतः मोठ्याने वाचला, तर तो मध्येच थांबून "हे खोटं आहे" म्हणेल का? म्हणणार असेल तर ते वाक्य बदलायचं.

कऱ्हाडकडच्या एका ताईंचं उदाहरण सांगते. वडील गेल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर भावाबरोबर यांचंही नाव लागलं. भावाने हक्कसोडपत्रावर सही मागितली, यांनी दिली नाही. पुढे आई गेली. तेराव्याला भावकीसमोर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासून राखी, भाऊबीज सगळं बंद. त्यांनी लिहून आणलेल्या कागदावर पहिलंच वाक्य होतं: "देवा, वहिनीच्या नादाला लागून दादाने माझा हिस्सा हडपला, त्याला सद्बुद्धी दे."

या वाक्यात तीन शब्द घातक आहेत. 'हडपला' हा निकाल झाला. तो कोर्टाने द्यायचा असतो, प्रार्थनेने नव्हे. 'वहिनीच्या नादाला लागून' हे तर कधीच लिहू नये. त्यात भाऊ बुद्धी नसलेला आणि वहिनी खलनायिका ठरते, आणि उद्या समेट झाला तर चहाचा कप वहिनीच पुढे करणार आहे. 'सद्बुद्धी दे' हे शब्द सगळ्यांना गोड वाटतात, मला ते सर्वांत कडू वाटतात. ज्याच्यासाठी सद्बुद्धी मागता त्याची बुद्धी आज वाईट आहे, हे तुम्ही देवापुढे आधीच ठरवून मोकळ्या होता. पसायदानातली "जे खळांची व्यंकटी सांडो" ही ओळही याच कारणाने इथे घेऊ नये. तिथे माउलींचं मागणं साऱ्या विश्वासाठी आहे. इथे भाऊ एकच, म्हणजे खळ कोण ते लगेच कळतं.

हे सगळं खोडल्यावर बायका दुसऱ्या टोकाला जातात. ताईंनीही तेच केलं. "आमच्यात काहीतरी बिनसलं" असं लिहिलं आणि खाली: "मला काही नको, फक्त माझा दादा परत दे." इथे मी लेखणी थांबवते. हे वाक्य तुम्ही पूर्ण विचार करून, कुणाच्याही दबावाशिवाय खरोखर ठरवलं असेल तरच लिहा. नाहीतर अजिबात लिहू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यात तो २००५ च्या दुरुस्तीने आला. वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असायलाच हवेत अशी अट त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. हा हक्क सोडायचाच असेल तर त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं हक्कसोडपत्र असतं, आणि ते एकदा नोंदलं की नुसत्या पश्चात्तापाने मागे फिरत नाही. रोज सकाळी देवापुढे "मला काही नको" म्हणणारी बाई महिन्याभरात तो कागद पुढे आल्यावर मुकाट्याने सही करते, कारण देवाला दिलेला शब्द मोडायची तिला भीती वाटते. मग भाऊ बोलायला लागतो आणि तिच्या मनात मात्र सल राहतो. असा समेट पुढच्या एखाद्या लग्नकार्यातल्या मानपानावरून पुन्हा मोडलेला मी पाहिला आहे.

त्याच कारणाने नवसही नको. "दादा बोलला तर सही करीन" हा सौदा आहे, आणि त्यात देवाला मध्यस्थ करू नये.

मग लिहायचं काय? घडलं ते साध्या क्रियापदांत: त्याने सही मागितली, मी दिली नाही. त्यानंतर त्याच्या बाजूचं एक खरं वाक्य. हे वाक्य लिहिताना बायका सर्वांत जास्त अडखळतात आणि प्रार्थनेचा जीव त्यातच असतो. ताई बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "विहीर त्यानेच खोल केली. माझ्या लग्नाचा खर्चही त्या उसातूनच निघाला." मी म्हटलं, हेच लिहा. यामुळे तुमचा हिस्सा कमी होत नाही. लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी, असं कायदा कुठे म्हणत नाही. पण भावाच्या मनात जो हिशोब आहे तो तुम्हाला माहीत आहे, हे कागदावर येतं.

शेवटी तुमच्याकडून काय चुकलं ते. इथे नीट पाहा. हिस्सा मागितल्याबद्दल माफी मागायची नाही, ती चूक नव्हे. माफी मागायची ती बोललेल्या किंवा न केलेल्या एखाद्या ठरावीक गोष्टीची. "माझं काही चुकलं असेल तर" हे पळवाटेचं वाक्य आहे. काय चुकलं ते नावानिशी लिहा.

हा परिच्छेद जमला की उरलेलं लिहायला फार वेळ लागत नाही. मागणं लहान ठेवा. "सगळं पहिल्यासारखं होऊ दे" असं मागू नका, आईवडील गेलेल्या घरात पहिल्यासारखं काही होत नसतं. खुणेने ओळखता येईल असं काहीतरी मागा.

ताईंची प्रार्थना शेवटी अशी झाली. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून देते:

"पालीच्या खंडोबा, मी तुझी माहेरवाशीण. दादासाठी आले आहे.

तळीचं खोबरं उधळलं की दादा ते माझ्याआधी गोळा करायचा आणि खिशातच चुरून टाकायचा. भंडाऱ्याने पिवळा झालेला त्याचा तो खिसा मला अजून दिसतो.

अप्पा गेल्यावर जमिनीला आम्हा दोघांची नावं लागली. दादाने माझी सही मागितली, मी दिली नाही. ती जमीन त्याने कसली, विहीर खोल केली, माझं लग्न त्याच उसावर झालं, हे खरं आहे. अप्पांची मी मुलगी आहे, हेही खरं आहे. हिश्शाचं जे व्हायचं ते बसून, बोलून, कागदावर होऊ दे. ते होईपर्यंत आम्ही एकमेकांना दार लावून बसू नये.

आईच्या तेराव्याला मी भावकीसमोर म्हणाले, की तू आईला नीट पाहिलं नाहीस. तिची रात्रीची उठबस दादा आणि वहिनीने केली होती, मला ते माहीत होतं. तरी मी बोलले. त्याची मला क्षमा कर, आणि ती त्याच्यापुढे मागायचं बळ दे.

दादाची कंबर दुखते असं ऐकलं, त्याला बरं ठेव. वहिनीला, पोरांना सुखी ठेव. बाजारात दादा समोर आला तर मी रस्ता बदलणार नाही. त्यालाही बदलावासा वाटू नये, एवढं कर.

सदानंदाचा येळकोट."

हिश्शाचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात सोडते असंही नाही, घेणारच असंही नाही. निर्णय उघडा ठेवला आहे आणि नातं त्याच्यावर टांगलेलं नाही.

लिहून झाल्यावर कागद आठ दिवस तसाच ठेवा, मग एकदा मोठ्याने वाचा. जिथे आवाज चढतो ते वाक्य बदला.

भावाला ही प्रार्थना द्यायची की नाही? रोज म्हणायची एवढंच असेल तर प्रश्न नाही. द्यायची असेल आणि कोर्टात दावा चालू असेल, तर आधी वकिलाला दाखवा. तुमच्या हातचा कागद समोरच्या बाजूने पुराव्यात हजर केला जाऊ शकतो. "लग्न त्याच उसावर झालं" हे वाक्य तिथे वेगळ्या अर्थाने वाचलं जाईल. असं असेल तर देवाला कागद पूर्ण ठेवा आणि भावाकडे फक्त क्षमेचा भाग जाऊ द्या.

घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकू नका, स्टेटसला तर नाहीच. चार नातेवाइकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली की भावाला तो आपल्यावरचा दबाव वाटतो. मामा हयात असतील तर कागद त्यांच्या हाती पाठवावा, त्यांना दोन्ही भाचरं सारखीच. मामा नसतील तर आत्या किंवा मावशी चालेल. नवऱ्याला पाठवू नका, कितीही भला असला तरी. जावई दारात आला की विषय पुन्हा हिश्शावर जातो. आणि भाऊबीजेच्या तोंडावर पाठवू नका. तेव्हा भावाला येणं किंवा न येणं असं उत्तर त्याच दिवशी द्यावं लागतं. दिवाळी होऊन जाऊ द्या, मग पाठवा.