संरचना की कर्तेपण? विडीच्या उदाहरणातल्या या चुका टाळा

सामाजिक सिद्धांताच्या पेपरात संरचना, म्हणजे समाजाची आधीच ठरलेली चौकट, आणि कर्तेपण, म्हणजे माणसाचं स्वतः ठरवून वागणं, यांचं नातं विचारलं, की सोलापूरचा विद्यार्थी उदाहरण म्हणून विडी वळणारी बाई घेतो. निवड चांगली, पण पुढचं वाक्य ठरलेलं: 'गरिबी ही संरचना आणि तिचे कष्ट हे कर्तेपण.' गुण इथेच जातात. गरिबी ही स्थिती आहे. ती कोणत्या नियमांतून आणि साधनांच्या वाटपातून येते, ते दाखवायला हवं.

समजा, पूर्व भागात लक्ष्मी राहते. तेंदूची पानं भिजवून कापते, सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आणि कारखान्याच्या शाखेत नेऊन देते. मजुरी हजार विड्यांवर मिळते. पान-तंबाखू कारखान्याचा, खराब विडी कोणती ते तपासनीस ठरवणार, आणि पोरं सांभाळायची तिनेच, हे घरात कुणी न बोलताही ठरलेलं. ही संरचना. तिने एकटीने मनात आणलं म्हणून यातलं काही बदलत नाही. पण ती नुसती बेडीही नव्हे, हे लिहायला मुलं विसरतात. 1966च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्यांनाही कामगार मानलं. अशा कायद्याच्या आधारे लक्ष्मी हक्क मागू शकते. तेही संरचनेमुळेच.

दुसरी चूक कर्तेपणाला बंड समजण्याची. लक्ष्मी मोर्चात गेली नाही, म्हणून तिला कर्तेपण नाही, असं उत्तरात सर्रास दिसतं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्सच्या मते कर्तेपण म्हणजे वेगळं वागता येण्याची क्षमता. पान कमी पडलं, तर पदरचे पैसे घालून आणायचं की कमी विड्या द्यायच्या, हे लक्ष्मी ठरवते. मुलीला विडी शिकवायची नाही, हेही तीच ठरवते.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: 'गिडन्स म्हणतो, दोन्ही महत्त्वाचे.' हे तर कुणीही म्हणेल! 1984च्या ग्रंथात त्याने मांडलेलं संरचनेचं दुहेरी रूप वेगळं आहे: संरचना कृतीचं माध्यमही असते आणि फलितही. पोरं सांभाळून चार पैसे मिळावेत म्हणून लक्ष्मी घरी विडी वळते. अशा हजारो लक्ष्म्या रोज बसतात, म्हणूनच कारखान्याला घरी काम देण्याची पद्धत परवडते. ती टिकवायचा लक्ष्मीचा हेतू नसतो, पण तिच्या रोजच्या बसण्यातून ती टिकते.

समाजशास्त्रज्ञ मार्गारेट आर्चरचा गिडन्सवरचा आक्षेप नेमका इथे आहे: दोन्ही असे एकत्र विणले, तर आधी काय होतं ते दिसत नाही. म्हणून उत्तरात काळ आणा. घरी विड्या वळून घेण्याची पद्धत लक्ष्मीच्या जन्माआधीची. तिच्यात राहून लक्ष्मी आणि शेजारणी मुलींना विडी न शिकवता कॉलेजात घालतात. वीसेक वर्षांनी वळणारे हात कमी पडले, तर मजुरीच्या अटी बदलतील किंवा काम दुसऱ्या गावी जाईल. यांपैकी काय होईल, ते कोणत्याही आईने ठरवलेलं नसेल.