अटेस्टेशन: अलार्म वाजला की ‘नवी व्हॅल्यू मान्य’ दाबू नका

सर्व्हर नेमकं काय चालवून सुरू झाला हे दुरून पुराव्यानिशी तपासणं म्हणजे रिमोट अटेस्टेशन. त्याचं सगळं गणित एका साध्या हिशेबावर चालतं. सर्व्हर चालू होताना फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल अशा प्रत्येक टप्प्याचा हॅश टीपीएम या सुरक्षा चिपच्या पीसीआर रजिस्टरमध्ये जुन्या व्हॅल्यूला जोडून पुन्हा हॅश केला जातो. मागे जाऊन तो पुसता येत नाही. मॉनिटरिंगने मागितलं की टीपीएम त्या रजिस्टरांवर सही करून देतं, त्याला क्वोट म्हणतात. इथपर्यंत सगळे छान शिकतात. घोळ होतो तो पुढे.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक ही: फर्मवेअर अपडेट झाला, त्याची नोंद ठेवणारा पीसीआर ० बदलला, डॅशबोर्ड लाल झाला, आणि कोणीतरी त्याच मशीनकडून नवी व्हॅल्यू वाचून ‘बरोबर व्हॅल्यू’ म्हणून जतन केली. म्हणजे ज्याच्यावर संशय, त्यालाच पंच नेमलं.

एका जुन्या नोकरीत आमच्याकडे एकाच मॉडेलचे ३८ सर्व्हर होते. शुक्रवारी रात्री बायोस अपडेट केला, शनिवारी सकाळी सगळे लाल. नव्या मुलाने हौसेने स्क्रिप्ट लिहिली: जे लाल दिसेल त्याची सध्याची व्हॅल्यू मान्य. दहा मिनिटांत सगळं हिरवं झालं. आम्ही त्याला शाबासकीही दिली, हे कबूल करतो.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी व्हॅल्यूंची तुलना करत होतो. पीसीआर ४ मध्ये, म्हणजे बूटलोडरच्या रजिस्टरमध्ये, ३७ मशीन सारख्या होत्या आणि एक वेगळी. बायोस अपडेट सगळीकडे एकच, मग ही एकटी का? दोन मशीनचे इव्हेंट लॉग, म्हणजे बूट होताना काय काय चाललं त्याच्या हॅशसकट याद्या, काढून शेजारी ठेवले:

```
tpm2_eventlog /sys/kernel/security/tpm0/binary_bios_measurements > log.yaml
```

त्या एका मशीनवर डिस्कवरचा बूटलोडर चालण्याआधी नेटवर्क कार्डाच्या मार्गाने आलेली एक फाइल चालली होती. कोणीतरी दुरुस्तीच्या वेळी नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर आणलं आणि तसंच सोडलं. फाइल आमच्याच जुन्या इन्स्टॉल सर्व्हरवरची होती, तिच्यावर वैध सही होती म्हणून सिक्युअर बूटनेही हूं की चूं केलं नाही. नशीब चांगलं. पण अटेस्टेशनने ही गोष्ट पहिल्याच दिवशी दाखवली होती आणि आम्हीच ती ‘मान्य’ करून टाकली होती.

तेव्हापासून माझी सवय: अपडेट आधी एका राखीव मशीनवर करायचा, तिचा लॉग जुन्याशी ओळीने ओळ ताडायचा. बायोस बदलला तर पीसीआर ० बदललेला चालेल. त्यासोबत पीसीआर ४ बदलला तर कोणती फाइल ते सापडेपर्यंत हात लावायचा नाही. मग त्या राखीव मशीनची व्हॅल्यू बाकीच्यांना लावायची. जे जुळत नाही ते लालच राहू दे. आणि लॉगवर सही नसते, म्हणून त्यातले हॅश क्रमाने जोडून क्वोटमधल्या व्हॅल्यूशी जुळतात का, हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास नको.

दुसरी चूक नोंदणीच्या वेळची. सर्व्हरने आपली अटेस्टेशन की, म्हणजे क्वोटवर सही करणारी की, पाठवली, आपण ती डोळे मिटून साठवली. ती की खऱ्या चिपमधली आहे हे कशावरून? `swtpm` नावाचं सॉफ्टवेअर टीपीएम कोणीही चालवू शकतं, आणि ते हवा तसा निष्कलंक क्वोट देतं. त्यामुळे चिपच्या निर्मात्याने दिलेलं एन्डोर्समेंट कीचं, म्हणजे चिपच्या ओळखीच्या कीचं, प्रमाणपत्र तपासा. मग एक गुपित त्या कीसाठी बंद करून पाठवा, असं की दोन्ही कीज एकाच चिपमध्ये असतील तरच ते उघडेल. `tpm2_makecredential` आणि `tpm2_activatecredential` त्यासाठीच आहेत. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांनी ते नंतर केलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. दर वेळी नवा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा यादृच्छिक आकडा, पाठवा, नाहीतर कालचा चांगला क्वोट आजही खपतो. `tpm2_pcrread` चं आउटपुट म्हणजे पुरावा नव्हे, त्यावर सही नसते. पीसीआर १ मध्ये बायोसच्या सेटिंग्ज येतात. तो सरसकट लावलात तर खोट्या अलार्मने जीव नकोसा होईल. अपडेट करूनही पीसीआर ० जुनाच दिसतो म्हणून घाबरू नका, आधी मशीन रीबूट झाली का ते बघा.

आणि SHA-256 बँकेत, म्हणजे त्या हॅशसाठीच्या रजिस्टरांच्या संचात, पीसीआर ० ते ७ नुसते शून्य दिसले तर हिरव्या दिव्याकडे पाहूच नका. फर्मवेअरने त्या बँकेत काहीच नोंदवलेलं नाही, आणि रिकाम्या रजिस्टरमध्ये नंतर कोणीही हवे ते हॅश भरू शकतो. २०२१ मध्ये सरफेस प्रो ३ मध्ये नेमकी हीच खोट सापडली होती.